नॉमिनी आहे, तरी फ्लॅट अडकला: दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र कसं काढायचं

घरातला कर्ता माणूस गेला की बँक, सोसायटी, तलाठी, मयताचं कार्यालय, जो तो एकच सांगतो: "वारस दाखला आणा." प्रत्येकाला हवा असलेला कागद मात्र वेगळा असतो. त्यामुळे सुरुवातीलाच विचारायचं, की कोणत्या मिळकतीसाठी आणि कोणत्या कायद्याखालचा दाखला हवा आहे. शक्य तर ते लेखी मागून घ्यावं, कारण चुकीचं प्रमाणपत्र काढून आणलं तर सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.

शेतजमीन असेल तर बहुतेक वेळा न्यायालयात जावंच लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. त्यावरून वारसांची नोंद होते, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो फेरफार प्रमाणित करतात. बँकेतल्या ठेवी, शेअर्स, रोखे किंवा मयताला येणं असलेली रक्कम यांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३७२ खाली उत्तराधिकार प्रमाणपत्र असतं, ज्याला सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. ते येणी आणि रोख्यांपुरतंच असतं. घर, फ्लॅट, प्लॉट अशा स्थावर मिळकतीला ते चालत नाही.

स्थावरासाठी लागतं ते वारस प्रमाणपत्र. ते मिळतं एका फार जुन्या कायद्याखाली, मुंबई रेग्युलेशन ८ सन १८२७. पुढे जे लिहिलं आहे ते याच प्रमाणपत्राबद्दल आहे. नगरसेवकाच्या लेटरहेडवर किंवा सरपंचाच्या सहीने मिळणारा "वारस दाखला" फार तर पूरक कागद म्हणून जोडता येतो, न्यायालयाच्या प्रमाणपत्राची जागा तो घेऊ शकत नाही.

एक उदाहरण धरून चालू

पुण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीत नोकरीच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आहे, एकट्या वडिलांच्या नावावर. वडील हिंदू होते, मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, धाकटा मुलगा, नाशिकला दिलेली मुलगी आणि गावाकडे दुसऱ्या मुलाजवळ राहणारी वृद्ध आई आहे. थोरला मुलगा वडिलांच्या आधीच अपघातात गेला. त्याची बायको अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी राहते, तिने पुन्हा लग्न केलेलं नाही. सोसायटीत नॉमिनेशन धाकट्या मुलाच्या नावे आहे.

धाकट्याला वाटतं, नॉमिनी मी, म्हणजे फ्लॅट माझा. तसं होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ मध्ये हे स्पष्ट आहे. सभासद वारला की सोसायटीने त्याचा हिस्सा, हक्क आणि हितसंबंध मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा हक्कदारांनी केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या दस्ताच्या आधारे हस्तांतरित करायचे असतात. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, तेही कायदेशीर वारसांची नावं दप्तरी लागेपर्यंत. त्यामुळे फ्लॅट विकायचा किंवा त्यावर कर्ज काढायचं म्हटलं की घेणाऱ्याचा वकील आणि बँक वारस प्रमाणपत्रावर येऊन थांबतात.

वारस किती, हे आधी कागदावर ठरवा

या सगळ्या प्रकरणाचा जीव वारसांच्या यादीत आहे. यादी पुरी असेल तर प्रमाणपत्र फारशा अडचणीशिवाय मिळतं. एक नाव गाळलं तर मिळालेलं प्रमाणपत्रही पुढे रद्द होऊ शकतं, आणि त्यावर विसंबून झालेली विक्री वादात सापडते.

हिंदू पुरुषाच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम ८ आणि त्यातली वर्ग एकच्या वारसांची सूची पाहायची. तिच्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई आहेत. आधी वारलेल्या मुलाची मुलं आणि विधवा आहेत, आधी वारलेल्या मुलीची मुलंही आहेत. वडील या वर्गात नाहीत, ते वर्ग दोनमध्ये येतात. लग्न झालेली मुलगी आणि न झालेली मुलगी असा फरक कायदा करत नाही. लग्नात खर्च केला म्हणून तिचा हक्क संपला, हे फक्त बोलण्यापुरतं आहे. दत्तक मूल सख्ख्याच्या बरोबरीचं असतं. सावत्र मुलगा, म्हणजे पत्नीला तिच्या आधीच्या लग्नापासून झालेला, मात्र मयताचा वारस होत नाही. पहिली पत्नी हयात आणि विवाह कायम असताना केलेली दुसरी पत्नी वारस ठरत नाही, पण तिच्यापासून झालेली मुलं वडिलांच्या मिळकतीपुरती वारस असतात. हे लपवण्याचा मोह अनेक घरांत होतो आणि तिथेच प्रकरण फुटतं.

आपल्या उदाहरणात म्हणून सहा वारस आहेत: पत्नी, धाकटा मुलगा, मुलगी, आई, थोरल्याची विधवा आणि नात. कलम १० प्रमाणे पत्नी, धाकटा, मुलगी आणि आई यांना प्रत्येकी एक पंचमांश मिळतो. थोरल्या मुलाच्या शाखेला मिळून एक पंचमांश, म्हणजे सून आणि नात यांना प्रत्येकी एक दशांश. प्रमाणपत्रात वारस कोण हे येतं, हिस्से ठरवणं हा त्याचा मुख्य विषय नाही. तरी घरात हा हिशेब आधी मांडलेला बरा, कारण पुढची संमती किंवा हरकत त्यावरच अवलंबून असते.

सगळ्यात जास्त वेळा आईचं नाव राहतं. "आजी आता किती दिवसांची, तिला कशाला कोर्टात ओढायचं" असं म्हणून यादी पत्नी आणि मुलांवर थांबवली जाते. पण मुलगा वारला त्याच क्षणी आईचा एक पंचमांश तिच्याकडे आला. ती नंतर वारली तर तो हिस्सा तिच्या स्वतःच्या वारसांकडे जातो, म्हणजे तिच्या इतर मुलामुलींकडेही. आज वर्ग एकचे वारस असताना मयताच्या भावा-बहिणींना काही मिळत नाही, पण उद्या आईच्या मार्फत ते या फ्लॅटमध्ये येऊ शकतात. अर्ज करण्याआधीच आई वारली असेल, पण मुलाच्या नंतर, तर तिचं मृत्यू प्रमाणपत्र जोडून तिचे वारसही पक्षकार करायला हवेत.

मयत मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी असेल तर वारस त्या त्या व्यक्तिगत कायद्याने ठरतात. मयत हिंदू स्त्री असेल तर कलम १५ लागतं आणि मिळकत तिला माहेरून वारसाने आली की सासरहून, याने निःसंतान असताना उत्तर बदलतं. अर्जाची पद्धत तीच राहते, यादी मात्र नव्याने करावी लागते.

कागद जमवताना

मृत्यू प्रमाणपत्र हा पाया. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. त्यानंतर मृत्यूपासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. पुढे वर्षभरात लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. नोंद झालेली असली तरी प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर नाव, वडिलांचं नाव, पत्ता आणि तारीख अक्षरन् अक्षर वाचा. तिथली चूक जन्म-मृत्यू निबंधकाकडून आधीच दुरुस्त करून घेणं सोपं असतं. न्यायालयात पुरावा सुरू झाल्यावर तीच चूक तारखा खाते.

याखेरीज मयताचं आधार आणि शिधापत्रिका, प्रत्येक वारसाची ओळख आणि पत्ता, मयताशी नातं दाखवणारा कागद (मुलांचा जन्म किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पत्नीसाठी विवाह प्रमाणपत्र किंवा दोघांची नावं असलेला जुना कागद), थोरल्या मुलाचं मृत्यू प्रमाणपत्र, फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा, त्याचा नोंदणी कार्यालयातला सूची दोन हा उतारा, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि मालमत्ता कराची पावती लागते. सोसायटीने वारस प्रमाणपत्र मागितल्याचं पत्र असेल तर तेही जोडा. प्रमाणपत्राची गरज का पडली, हे त्यातून थेट दिसतं.

नावांची तफावत हा या टप्प्यावरचा खरा त्रास आहे. करारनाम्यात आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, मृत्यू प्रमाणपत्रावर घरचं नाव, असं सर्रास असतं. मुलीचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. अशा वेळी अर्जातच दोन्ही नावं "उर्फ" लावून लिहा, मुलीसाठी विवाह प्रमाणपत्र जोडा आणि या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं विधान शपथपत्रात घ्या. नंतर वेगळं शपथपत्र देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अर्ज

अर्ज जातो मयत जिथे राहत होता किंवा मिळकत जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात, साधारणपणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे. वकील सक्तीचा नाही, पण पुरावा आणि पुरसीस, म्हणजे पक्षकाराने न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन, या टप्प्यांसाठी वकीलपत्र दिलेलं सोयीचं.

अर्जदार कोण, हा पहिला निर्णय. माझं मत स्पष्ट आहे: जे वारस राजी आहेत त्या सगळ्यांनी मिळून अर्जदार व्हावं आणि जे राजी नाहीत किंवा संपर्कात नाहीत त्यांना सामनेवाले करावं. यादीतून कोणालाही वगळायचं नाही. आपल्या उदाहरणात पत्नी, धाकटा आणि मुलगी अर्जदार होतील. आई सही करायला तयार असेल तर तीही. सून बोलत नसेल तर ती सामनेवाली क्रमांक १ आणि नात अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेली, म्हणून सामनेवाली क्रमांक २, "अज्ञान पालनकर्ती आई" मार्फत. सुनेचा अचूक पत्ता द्या. माहेरचा पत्ता ठाऊक असताना सासरच्या जुन्या पत्त्यावर नोटीस पाठवली, तर पुढे तेवढ्या एका कारणावरून प्रमाणपत्राला आव्हान मिळू शकतं.

अर्जाचा साचा साधारण असा असतो:

> मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, ______ यांचे न्यायालयात
>
> किरकोळ अर्ज क्र. ____ / २०__
>
> अर्जदार: १) ______ वय __, धंदा ____, रा. ______ २) ______
>
> विरुद्ध
>
> सामनेवाले: १) ______ २) कु. ______, अज्ञान, वय __, अ.पा.क. आई सामनेवाले क्र. १
>
> मुंबई रेग्युलेशन ८ सन १८२७ अन्वये वारस प्रमाणपत्र मिळणेबाबत अर्ज
>
> अर्जदारांची नम्र विनंती की, कै. ______ हे दिनांक ______ रोजी ______ येथे मयत झाले. मयतसमयी ते ______ येथे कायम वास्तव्यास होते. सदर ठिकाण व खाली वर्णन केलेली मिळकत मे. न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आहे.

यापुढे वारसांचा तक्ता येतो (नाव, वय, मयताशी नातं, पत्ता), मग मिळकतीचं वर्णन. फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, इमारत, सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा आणि भाग प्रमाणपत्राचा क्रमांक हे सगळं करारनाम्यातून जसंच्या तसं उतरवा. त्यानंतर अर्जाचं कारण, म्हणजे सोसायटीने केलेली मागणी, आणि शेवटी विनंती:

> तरी अर्जदार व सामनेवाले हे कै. ______ यांचे कायदेशीर वारस असल्याचे वारस प्रमाणपत्र देण्याचा हुकूम व्हावा.

विनंतीत "अर्जदार व सामनेवाले" हे शब्द मुद्दाम ठेवा. सामनेवाले केलेले वारसही प्रमाणपत्रात आले पाहिजेत.

शपथपत्राचा मजकूर

शपथपत्र तयार छापील नमुन्यावर भरून देण्याची सवय आहे. त्यात "मयतास वरील वारसांखेरीज अन्य वारस नाहीत" एवढंच मोघम वाक्य असतं. न्यायाधीशाला जे पडताळायचं असतं ते त्यातून कळत नाही. प्रत्येक विधान वेगळ्या परिच्छेदात, तपशिलासह असावं. उदाहरणातल्या पत्नीचं शपथपत्र असं होईल:

> शपथपत्र
>
> मी, श्रीमती ______, वय __ वर्षे, धंदा घरकाम, रा. ______, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की,
>
> १. मी कै. ______ यांची विधवा पत्नी असून या अर्जातील अर्जदार क्र. १ आहे. अर्जातील हकिकतीची मला माहिती आहे.
>
> २. माझे पती कै. ______ उर्फ ______ हे दिनांक ______ रोजी ______ येथे मयत झाले. मृत्यूची नोंद ______ येथे क्र. ____ अन्वये झाली आहे. मृत्यू प्रमाणपत्रातील ______ व करारनाम्यातील ______ ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.
>
> ३. मयत हे हिंदू होते व त्यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे.
>
> ४. माझा व मयताचा विवाह दिनांक ______ रोजी ______ येथे झाला. मयताने माझ्याखेरीज अन्य कोणाशीही विवाह केलेला नव्हता. त्यांनी कोणासही दत्तक घेतलेले नव्हते.
>
> ५. मयतास माझ्यापासून दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. पैकी थोरला मुलगा ______ हा मयताच्या आधी दिनांक ______ रोजी वारला. त्याच्या पश्चात त्याची विधवा ______ (सामनेवाले क्र. १) व अज्ञान मुलगी ______ (सामनेवाले क्र. २) आहेत.
>
> ६. मयताची आई ______, वय __ वर्षे, ही हयात आहे.
>
> ७. वर नमूद पत्नी, मुलगा, मुलगी, आई, मयत मुलाची विधवा व मयत मुलाची मुलगी यांखेरीज मयतास वर्ग एकचा अन्य कोणीही वारस नाही.
>
> ८. माझ्या माहितीप्रमाणे मयताने मृत्युपत्र केलेले नाही.
>
> ९. अर्जात वर्णन केलेली मिळकत मयताने स्वकष्टार्जित उत्पन्नातून खरेदी केलेली आहे.
>
> १०. याच कारणासाठी मी अन्य न्यायालयात अर्ज केलेला नाही व माझ्या माहितीप्रमाणे वारसाबाबत कोणतेही प्रकरण प्रलंबित नाही.
>
> परिच्छेद १ ते ७ व ९ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे आणि परिच्छेद ८ व १० मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे. सदर मजकूर मला मराठीत वाचून दाखवला असून तो मला समजला आहे. म्हणून हे शपथपत्र आज दिनांक ______ रोजी ______ येथे केले आहे.

शेवटचा परिच्छेद नुसता उपचार नाही. शपथ घेणाऱ्याने स्वतःला ठाऊक असलेलं आणि कानावर आलेलं वेगळं सांगावं, अशी दिवाणी प्रक्रिया संहितेची अपेक्षा आहे. मृत्युपत्र नाही, असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, कारण ते दुसऱ्या कोणाकडे ठेवलेलं असू शकतं. म्हणून तिथे "माझ्या माहितीप्रमाणे". उलट स्वतःची मुलं किती, हे आई "माहितीप्रमाणे" म्हणायला लागली तर शंका येणारच. चौथ्या परिच्छेदातलं एकच विवाह झाल्याचं विधान खरं नसेल तर ते लिहू नका, खरी हकिकत लिहा. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटी साक्ष देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते.

हे शपथपत्र साध्या कागदावर चालतं. न्यायालयात किंवा शासकीय कार्यालयात दाखल करायच्या शपथपत्रांचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ च्या आदेशाने माफ केलेलं आहे. बँकेला किंवा सोसायटीला द्यायच्या शपथपत्राला ही माफी लागत नाही. सही मात्र शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोरच करायची, आणि प्रत्येक पानावर. सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि मजकूर वाचून दाखवल्याची नोंद.

याच धर्तीवर एका त्रयस्थाचंही शपथपत्र तयार ठेवा. मयताच्या कुटुंबाला वर्षानुवर्षं ओळखणारा आणि या मिळकतीत ज्याला काही मिळणार नाही असा शेजारी किंवा नातेवाईक सर्वांत चांगला. त्याने कुटुंबाला किती वर्षांपासून आणि कसं ओळखतो हे लिहावं, मग वारसांची नावं. वारसांनीच एकमेकांसाठी दिलेल्या साक्षीपेक्षा या एका साक्षीला वजन जास्त असतं.

दाखल केल्यानंतर

अर्जाची छाननी होऊन क्रमांक पडला की न्यायालय सामनेवाल्यांना नोटीस काढतं आणि जाहीर नोटीस देतं. रेग्युलेशनप्रमाणे या जाहीरनाम्यात, अर्जदाराच्या हक्काला कोणाची हरकत असेल तर त्याने एक महिन्याच्या आत न्यायालयात हजर राहून ती नोंदवावी, असं आवाहन असतं. न्यायालयाच्या हुकुमाप्रमाणे ती फलकावर लागते आणि वर्तमानपत्रात छापली जाते. मयत राहत होता त्या भागात वाचलं जाणारं मराठी दैनिक निवडा. छापून आली की पूर्ण पान जपून ठेवा, कात्रण नको, कारण तारीख आणि दैनिकाचं नाव पानावरच असतं. मजकुरात मयताचं नाव, पत्ता किंवा मिळकत चुकली तर जाहिरात पुन्हा द्यावी लागते आणि महिना पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. म्हणून छपाईला जाण्याआधी मसुदा स्वतः वाचा.

हा महिना चालू असताना सामनेवाल्यांशी बोलणं व्हावं. सुनेला बहुतेक वेळा वाटत असतं की नोटीस आली म्हणजे आपल्याला बाहेर काढताहेत. अर्जाची प्रत तिच्या हातात देऊन तिचं आणि मुलीचं नाव वारस म्हणून मागितलं आहे हे दाखवलं, तर ती हजर होऊन ना हरकत पुरसीस देऊ शकते:

> सामनेवाले क्र. १ स्वतःकरिता व सामनेवाले क्र. २ अज्ञान हिची पालनकर्ती म्हणून ही पुरसीस देते की, अर्जदार व सामनेवाले हे कै. ______ यांचे वारस असल्याचे प्रमाणपत्र देण्यास हरकत नाही. या पुरसीसीने सामनेवाले क्र. १ व २ यांनी मिळकतीतील आपला कोणताही हक्क वा हिस्सा सोडलेला नाही.

दुसरं वाक्य गाळू नये. ते नसलं तर ना हरकतीचा अर्थ पुढे हक्क सोडला असा लावण्याचा प्रयत्न होतो, आणि अज्ञान मुलीच्या बाबतीत तर ते न्यायालयालाही खटकतं.

महिना संपला आणि हरकत आली नाही, की पुरावा. अर्जदार सरतपासाचं, म्हणजे आपल्या साक्षीचं शपथपत्र देतो, अस्सल कागद दाखवून प्रती पुरावा म्हणून निशाणीला लावल्या जातात आणि न्यायाधीश एखाददोन प्रश्न विचारतात: मयताला मुलं किती, आई आहे का, थोरला कधी गेला. उत्तर अर्जाशी जुळलं पाहिजे, म्हणून अर्ज स्वतः वाचलेला असावा. पुरावा पटला तर प्रमाणपत्राचा हुकूम होतो.

हरकत आली तरी अर्ज लगेच संपत नाही. न्यायाधीश ती ऐकून घेतात. पण वाद गुंतागुंतीचा असेल, उदाहरणार्थ कोणी मृत्युपत्र पुढे केलं किंवा दुसऱ्या विवाहाचा प्रश्न निघाला, तर नियमित दाव्यात त्याचा निकाल लागेपर्यंत हे काम थांबवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अशा वेळी अर्ज रेटत बसण्यापेक्षा वाटपाचा दावा लावणं शहाणपणाचं असतं, कारण हिस्से त्यातच ठरतात.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

हुकूम झाला म्हणजे प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. आवश्यक ती न्यायालयीन फी भरून ते काढून घ्यावं लागतं. त्यातली नावं, वयं आणि मिळकतीचा तपशील तिथेच तपासा. टंकलेखनातली चूक लगेच अर्ज देऊन दुरुस्त होते. प्रमाणपत्राच्या आणि हुकुमाच्या दोन-तीन प्रमाणित नकला एकदमच मागा, सोसायटी आणि बँक प्रत्येकी एक ठेवून घेतात.

मग सोसायटीकडे हस्तांतरणाचा अर्ज. सहाही वारसांची नावं भाग प्रमाणपत्रावर लावायची, की सर्वांच्या संमतीने एकाच्या नावे करायची, हे आता ठरतं. एवढं मात्र ध्यानात असू द्या की या प्रमाणपत्राने कोणाला मालकी मिळत नाही. प्रमाणपत्र तूर्त मिळकतीचा कारभार कोणाकडे आहे एवढंच दाखवतं, त्याने कोणाच्या हक्काचा अंतिम निकाल लागत नाही आणि अधिक बळकट हक्क कोणी सिद्ध केला तर ते रद्द होतं, असं १८२७ च्या रेग्युलेशनमध्येच लिहिलं आहे. म्हणून मुलीला आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तर सोसायटीच्या फॉर्मवर सही पुरत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं.

नातीचा एक दशांश तर कोणी सोडूच शकत नाही, तिची आईसुद्धा नाही, न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ८ त्यासाठी आहे. फ्लॅट विकायचा असेल तर त्या परवानगीचा अर्ज गिऱ्हाईक शोधण्याआधीच करावा. परवानगीविना झालेली विक्री नातीला, किंवा तिच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या कोणालाही, पुढे रद्द करून घेता येते. न्यायालय परवानगी देताना व्यवहारात अज्ञान मुलीचा फायदा किंवा निकड काय आहे हे बघतं, आणि तिच्या वाट्याची रक्कम तिच्या नावे ठेवायला सांगू शकतं. खरेदीदाराशी विसारपावती करताना ही परवानगी मिळण्याची अट आणि त्यासाठी लागणारी मुदत त्यात लिहून घ्या.